तालुक्याच्या चौकात ऑटो आणि दुचाकी आपापल्या लेनमध्ये कशा ठेवायच्या

हा लेख नगर परिषदेत नव्याने लागलेले अभियंते, चौकात पहिल्यांदाच उभे राहणारे होमगार्ड, ऑटो संघटनेचे पदाधिकारी आणि वॉर्डाचे नवे सदस्य यांच्यासाठी आहे. चौक विदर्भातल्या तालुक्याच्या गावातला धरला आहे. एका बाजूने बाजाराचा रस्ता येतो, दुसरीकडे एसटी स्टँड, तिसरा रस्ता बाजार समितीकडे जातो आणि चौथा शाळा-कॉलेजकडे. सिग्नल आहे किंवा हवालदार हाताने गाड्या सोडतो. ऑटो आणि दुचाकी मिळून दहातल्या आठ-नऊ गाड्या होतात. उरलेल्यांत एसटी, कार, काळी-पिवळी, ट्रॅक्टर आणि अधूनमधून एखादी बंडी.

गोंधळ चौकाच्या मधोमध दिसतो, म्हणून सगळे तिथेच उपाय शोधतात. पण लेन मोडते ती चौकाच्या अलीकडे, शेवटच्या तीस ते पन्नास मीटरमध्ये. तिथे तीन रांगा झालेल्या असतात आणि पलीकडे जागा दोनच रांगांची असते. तिसरी रांग चौकाच्या पोटात शिरून जागा शोधते. काम या पन्नास मीटरवर आणि पलीकडच्या तीस मीटरवर करायचे.

आधी नुसते बघा

एखाद्या दुमजली इमारतीच्या गच्चीवर उभे राहा. साधारण दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एकदा, शाळा सुटताना एकदा आणि आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा बघा. एका वेळी एकाच रस्त्याकडे लक्ष द्या. प्रत्येक वेळी गाड्या थांबल्या की थांबण्याच्या जागी शेजारी-शेजारी किती रांगा झाल्या तेवढेच लिहा. दहा वेळा थांबल्या तर दहा आकडे. पुढचे सगळे निर्णय याच आकड्यांवर होतात.

मग खाली उतरून रस्ता बघा. डांबरावर तेलाचे काळे ठिपके जिथे दाट दिसतात, तिथे ऑटो रोज उभे राहतात, अधिकृत स्टँड कुठेही असो. पावसाची हलकी सर येऊन गेल्यावर किंवा टँकरने रस्ता ओला केल्यावर चाकांच्या वाटा स्पष्ट उमटतात. गाड्या खरोखर कुठून जातात ते तेव्हा कळते. फक्की घेऊन त्या वाटांच्या कडा आखून ठेवा. अनेकदा दिसते की डावीकडचा एक-दीड मीटर रस्ता कोणी वापरतच नाही. याचे कारण काळ्या मातीत आहे. पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून ती डांबराची कडा खचवते. साइडपट्टी वीतभर खाली गेलेली असते आणि तिच्यावरून दुचाकीचे चाक घसरते. म्हणून दुचाकीवाला कडेपासून लांब, म्हणजे ऑटोच्या जागेत चालतो. अशा ठिकाणी कितीही पांढरे पट्टे मारले तरी तो डावीकडे येणार नाही. आधी मुरूम टाकून, दाबून साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणा.

मोजणी

पंधरा मिनिटांची मोजणी पुरते. एक जण एका प्रकारची गाडी मोजेल असे पाच जण घ्या. समजा, बाजाराच्या रस्त्याने पंधरा मिनिटांत १५० दुचाकी, ४५ ऑटो, २० कार, ४ एसटी आणि ३ ट्रॅक्टर-ट्रॉली आल्या. एकूण २२२ गाड्या. आता कोण किती जागा अडवतो ते काढायचे. भारतीय रस्ते काँग्रेसने शहरी रस्त्यांसाठी प्रत्येक गाडी किती कारइतकी धरायची ते दिले आहे. गर्दीत दुचाकींचा वाटा मोठा असेल तर एक दुचाकी ०.७५ कारइतकी धरतात. ऑटो दहा टक्क्यांच्या वर असतील तर एक ऑटो दोन कारइतका. थोड्याच बस असतील तर एक बस २.२ आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ४.

हिशेब असा होतो: दुचाकी ११२.५, ऑटो ९०, कार २०, एसटी ८.८, ट्रॅक्टर १२. बेरीज सुमारे २४३. गाड्यांच्या संख्येत ऑटो वीस टक्के आहेत, पण जागेत सदतीस टक्के. लहान गाडीची जागा इतकी धरतात कारण ती मध्येच थांबते, हळू निघते आणि मागच्यांना बाजूला व्हायला लावते. म्हणून आधी ऑटोच्या थांब्याचा प्रश्न हातात घ्या. तो सुटला की दुचाकींची रांग बरीचशी आपोआप सरळ होते. उलट क्रमाने केलेले काम टिकत नाही.

ऑटोचा थांबा चौकाच्या पलीकडे

चौकाच्या अलीकडे ऑटो सवारी घ्यायला थांबला की डावी लेन बंद होते. मागची गाडी उजवीकडे सरकते, तिच्यामुळे तिच्या उजवीकडची गाडी समोरून येणाऱ्यांच्या अंगावर जाते. म्हणून अलीकडच्या पन्नास मीटरमध्ये सवारी घेणे-उतरवणे पूर्ण बंद ठेवावे आणि थांबा चौक ओलांडल्यानंतर द्यावा.

पलीकडे किती अंतरावर? एका ऑटोची लांबी सुमारे २.६ मीटर. पुढे-मागे थोडी मोकळी जागा धरली तर एका ऑटोला सव्वातीन मीटर लागतात. एका वेळी तीन ऑटो थांबले तर दहा मीटर. शिवाय वळून येणारी एसटी सरळ व्हायला तिच्या लांबीइतकी, म्हणजे बारा मीटरच्या आसपास, जागा मोकळी लागते. म्हणून थांब्याचे पुढचे टोक चौकाच्या कडेपासून पंचवीस ते तीस मीटरवर ठेवा. त्याहून जवळ ठेवले तर थांबलेल्या ऑटोंची शेपटी चौकात येते. फार लांब ठेवले तर सवाऱ्या कोपऱ्यावरच हात दाखवतात आणि ऑटोवाला तिथेच थांबतो. सवारी सोडून पुढे जा असे त्याला सांगणे व्यर्थ आहे, कारण त्याची कमाई तीच आहे.

सवारी कुठे उभी राहते हे आपल्याकडे सावली ठरवते. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना माणूस फलकाखाली उभा राहत नाही, कडुनिंबाखाली किंवा पानठेल्याच्या ताडपत्रीखाली उभा राहतो, आणि ऑटो त्याच्यासमोर थांबतो. नव्या थांब्यावर आधी पत्र्याचे छत उभारा, पाण्याचा माठ ठेवा आणि मग जुना थांबा बंद करा. हा क्रम उलटा झाला की चार दिवसांत ऑटो जुन्या जागी परत येतात. जुन्या जागेवरचा पानठेला थांब्यासोबत हलवता आला तर अर्धे काम झाले. ठेलेवाल्यालाही ते हवे असते, गिऱ्हाईक तिकडेच गेलेले असते.

थांबे आणि वाहनतळ ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे. नगर परिषदेचा ठराव, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय आणि रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांची परवानगी, ही कागदपत्रे पट्टे मारण्याआधी हातात असू द्या. ऑटो संघटनेला जागा ठरवतानाच बोलवा. कोणत्या वेळी कोणत्या गावची सवारी जास्त असते हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

लेनची रुंदी: इथेच बहुतेकांचे चुकते

महामार्गावर एका लेनची रुंदी साडेतीन मीटर धरतात. तोच आकडा चौकात वापरला की लेन मोडली म्हणून समजा. ऑटोची रुंदी सुमारे १.३ मीटर आहे. साडेतीन मीटरमध्ये दोन ऑटो आरामात शेजारी उभे राहतात आणि एक दुचाकीही घुसते. कागदावर एक लेन, रस्त्यावर अडीच रांगा. अडीच मीटरच्या लेनमध्ये मात्र दोन ऑटो बसूच शकत नाहीत, कारण दोघांचे मिळून २.६ मीटर होतात. एक ऑटो उभा राहिला की १.२ मीटर उरतो आणि त्यातून दुचाकी जाऊ शकते. हा फरक नीट समजून घ्या, कारण ऑटोची रांग एकेरी राहील की दुहेरी होईल हे या एक मीटरवर ठरते.

एसटीला अडीच मीटरची लेन चालत नाही. गाडीच तेवढी रुंद असते, आरसे वेगळे. म्हणून एक लेन तीन मीटरची लागते. आपल्या उदाहरणात बाजाराच्या रस्त्यावर मध्यरेषेपासून गटारापर्यंत साडेसात मीटर आहेत. पण दुकानांसमोर आडव्या लावलेल्या दुचाकी दोन मीटर खातात, म्हणून प्रत्यक्षात साडेपाच मीटर मिळतात. विभागणी अशी करा: मध्यरेषेलगतची लेन तीन मीटर, त्यात एसटी, ट्रॅक्टर, कार आणि उजवीकडे वळणारे सगळे. कडेची लेन अडीच मीटर, त्यात सरळ जाणारे व डावीकडे वळणारे ऑटो आणि दुचाकी. उजवीकडे वळणारा ऑटो उजव्या लेनमध्येच यावा, हे अलीकडच्या साठ मीटरवर फलकाने आणि पन्नास मीटरवर बाणाने सांगा. थांबण्याच्या रेषेजवळ बाण काढून उपयोग नाही. तिथे गाड्या उभ्या असतात, बाण त्यांच्याखाली झाकला जातो.

तीन मीटरच्या लेनमध्येही दोन ऑटो घासून बसू शकतात. पहिले काही दिवस तसे होईल. तिथे होमगार्ड लागतो.

पार्किंगच्या दुचाकी हलवून साडेसात मीटर मोकळे केले तर तिसरी लेन काढायची का? त्याआधी चौकाच्या पलीकडे बघा. समोरच्या रस्त्यावर फळांचे हातठेले लागून जाण्यासाठी फक्त साडेतीन मीटर उरत असतील, तर अलीकडून दोन रांगा सरळ सोडणेसुद्धा चूक आहे. नियम साधा आहे: पलीकडे जितक्या रांगा मावतात तितक्याच रांगा सरळ सोडायच्या. हातठेले पहिल्या तीस मीटरमधून मागे हटवून साडेपाच मीटर मोकळे करा. ते जमत नसेल तर कडेची लेन फक्त डावीकडे वळणाऱ्यांसाठी ठेवा. मोकळ्या झालेल्या दोन मीटरचा पादचाऱ्यांसाठी वापर करणे हा सगळ्यात चांगला उपयोग आहे.

अलीकडची लेन आणि पलीकडची लेन एका रेषेत आहेत का हेही दोरी धरून तपासा. जुन्या गावांत समोरासमोरचे रस्ते एक-दीड मीटर इकडे-तिकडे असतात. सरळ जाणाऱ्याला चौकातच तिरपे व्हावे लागते आणि तो शेजारच्याला ढकलतो. अशा वेळी चौकाच्या आत तुटक रेषेने वाट दाखवावी.

दुचाकींसाठी पुढची चौकट

दुचाकी मागे थांबत नाही, फटीतून पुढे येते. तिला अडवण्यापेक्षा पुढे जागा द्या. झेब्रा पट्टे तीन मीटर रुंद असू द्या. त्यांच्या सुमारे दोन मीटर अलीकडे दुचाकींची थांबरेषा काढा. तिच्या पाच मीटर मागे बाकी सगळ्यांची थांबरेषा. मधल्या पाच मीटरच्या चौकटीत फक्त दुचाकी.

पाच मीटर कुठून आले ते बघा. पंधरा मिनिटांत १५० दुचाकी म्हणजे मिनिटाला दहा. साडेपाच मीटर रुंदीत पाच दुचाकी शेजारी मावतात, तर दहा दुचाकींच्या दोन ओळी होतात. एका ओळीला अडीच मीटर. चौकटीच्या मागे त्याच मिनिटात तीन ऑटो, एखादी कार आणि कधी एक एसटी जमते. यातली सगळ्यात लांब रांग उजव्या लेनची: एक ऑटो, एक कार, एक एसटी, मिळून सुमारे एकवीस मीटर. चौकट धरून सव्वीस. म्हणून दोन लेनमधली अखंड पांढरी रेषा तीस मीटरची काढा, त्यामागे वीस मीटर तुटक.

हा हिशेब एका मिनिटाच्या थांब्याचा आहे. हवालदाराने दोन मिनिटे गाड्या अडवल्या तर चौकटीत वीस दुचाकी येतात, मावतात दहाच. उरलेल्या दहा ऑटोंच्या मध्ये भरतात आणि रांग पंचेचाळीस मीटरपर्यंत मागे जाते. सगळा रस्ता एकदम मोकळा करून दाखवण्याच्या हौसेने लांब थांबे घेतले जातात, आणि लेन मोडण्याचे ते नेहमीचे कारण आहे. पाऊण ते एक मिनिटात बाजू बदलत राहा.

चौकटीपर्यंत पोहोचायला वाट हवी. डाव्या लेनमधल्या ऑटोने लेनच्या उजव्या रेषेला धरून उभे राहायचे, म्हणजे कडेला सव्वा मीटर मोकळा राहतो. ऑटो कडेला चिकटला की दुचाकी दोन लेनच्या मधून येतात आणि अखंड रेषेचा अर्थ संपतो. ऑटोवाल्यांना सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. चौकट पूर्ण रंगाने भरू नका, फक्त कडा काढा. पावसात भिजलेल्या रंगावर दुचाकी घसरते.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. दुपारी दुचाकीवाले थांबरेषेवर न येता वीस मीटर मागच्या झाडाखाली थांबतात. पुढे रिकामी जागा दिसली की मागचा ऑटो उजवीकडून काढून तिथे जातो. नागपुरात काही सिग्नलवर उन्हाळ्यात हिरवी नेट ताणतात. चौकटीवर तशी नेट लावली तर गाड्या रेषेवर येतात. खांब मात्र रस्त्याच्या कडेबाहेर रोवा आणि नेटची उंची एसटीच्या टपाला व त्यावरच्या सामानाला लागणार नाही अशी ठेवा.

आधी फक्की, मग रंग

सगळे आखून झाले की लगेच रंग मारू नका. फक्कीने रेषा काढा, लेनच्या मध्ये पाच-पाच मीटरवर कोन ठेवा. कोन कमी पडले तर वाळू भरलेले प्लास्टिकचे डबे चालतात, दगड अजिबात नकोत. रात्री दुचाकी त्यावर आदळते. सुरुवात बाजाराच्या दिवशी करू नका. साध्या दिवशी दुपारी सुरू करा, तीन दिवस चालू द्या आणि चौथ्या दिवशी बाजार येईल असे बघा.

होमगार्ड चौकाच्या मधोमध नको. तो थांबरेषेच्या पंचवीस मीटर मागे, दोन लेनच्या मधल्या कोनांजवळ उभा राहावा. तिथे चालकाला लेन निवडायला वेळ असतो. रेषेजवळ आल्यावर सांगितले तर तो हो म्हणतो, पण सरकायला जागा नसते.

गच्चीवर जाऊन गाड्या थांबण्याच्या दहा वेळांचे आकडे पुन्हा घ्या. रांगा दोनच असतील तर आखणी बरोबर. तिसरी रांग कडेच्या लेनमध्ये होत असेल तर ती लेन वीस-तीस सेंटिमीटरने अरुंद करा. तिसरी रांग मध्यरेषेच्या उजवीकडे, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला होत असेल तर रुंदी बदलून काही होणार नाही. तिथे तीस मीटर लांबीचा अरुंद दुभाजक लागतो. ऑटो फार कमी जागेत वळतो, म्हणून तो चौकाच्या तोंडाशीच यू-टर्न घेतो. दुभाजकाने तोही थांबतो. दुभाजकाच्या टोकाला रात्री चमकणारी पट्टी लावायला विसरू नका.

रेषा जागेवर बसल्या की रंग. साधा रोड पेंट स्वस्त पडतो, पण गर्दीच्या चौकात काही महिन्यांत पुसतो. गरम करून ओतायचा थर्मोप्लास्टिक रंग अडीच मिलिमीटर जाड बसतो. त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात, म्हणून रात्री हेडलाइटमध्ये रेषा दिसते. दोन्हींसाठी रस्ता धुतलेला आणि पूर्ण कोरडा हवा. शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर चिकटलेली असते. तिच्यावर मारलेला रंग मातीसकट निघून येतो.

हंगाम

पावसाळ्यात याच मातीने रेषा झाकल्या जातात आणि आठवड्यात लेन मोडते. पाऊस उघडला की झाडू आणि पाणी मारून निदान थांबरेषा आणि अखंड रेषा मोकळ्या करा. कापूस सुरू झाला की ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना गठ्ठा फुगलेला असतो आणि तीन मीटरच्या लेनमध्ये ती मावत नाही. बाजार समितीशी बोलून सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेत ट्रॅक्टर बाहेरच्या रस्त्याने वळवा. बाहेरचा रस्ता नसेल तर तेवढा वेळ मधले कोन उचलून एकच रुंद लेन चालवा आणि ट्रॅक्टर गेल्यावर पुन्हा लावा.

रंगाचे काम पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आधी आणि कापसाची गर्दी वाढण्याआधी उरका. रंगानंतर तीन आठवड्यांनी पुन्हा दहा वेळांचे आकडे घ्या, पहिल्या दिवशीच्या कागदाशेजारी लिहा आणि ज्या रस्त्यावर तिसरी रांग परत दिसते तिथे आधी ऑटोचा थांबा तपासा.